डोक्यावरून अंघोळ सातव्या पानावर होती

"छापलेल्या ब्रोशरची पीडीएफ आहेच की. तीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर काय बिघडतं? तुम्ही तिचं मोबाइलसाठी वेगळं असं करता तरी काय?"

तुम्ही विचारलंत म्हणून एका डोळ्यांच्या दवाखान्याच्या पुस्तिकेवरूनच सांगते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची माहिती, १२ पानं, छपाई सुरेख. पहिल्या पानावर इमारतीचा फोटो, मग संस्थापकांचं मनोगत, मग यंत्रसामग्री, मग लेन्सचे प्रकार. ऑपरेशननंतर काही दिवस डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नसतं, म्हणून आदल्या दिवशीच डोक्यावरून अंघोळ उरकून घ्यावी, हे सातव्या पानावर. आणि घरी गेल्यावर डोळा जास्त दुखू लागला, लाली वाढली किंवा दिसणं कमी झालं तर लगेच फोन करावा, हे अकराव्या पानाच्या तळाशी, बारीक टायपात.

कागदावर हे निभावतं. माणूस पानं चाळतो, सिस्टर हव्या त्या ओळीवर पेनानं खूण करून देते. फोनवर तेच पान तळहाताएवढं होतं. दोन बोटांनी मोठं केलं की ओळीचा शेवट स्क्रीनबाहेर जातो आणि प्रत्येक ओळीसाठी पान डावीउजवीकडे ओढावं लागतं. त्यात इथे वाचणाऱ्याच्या डोळ्यातच मोतीबिंदू.

मी आधी मजकूर लहान करत नाही, आधी त्याला वेळ लावते. पुस्तिकेची प्रिंट काढून प्रत्येक वाक्यापाशी लिहिते, हे पेशंटला कधी लागणार: ऑपरेशन ठरवताना, आदल्या दिवशी, त्या सकाळी, की घरी गेल्यावर? महत्त्वाचं आधी घ्या असं सगळेच सांगतात, पण महत्त्वाचं काय ते दिवसागणिक बदलतं. ठरवताना खर्च आणि लेन्स, आदल्या दिवशी अंघोळ आणि गोळ्या, घरी गेल्यावर ड्रॉप्स आणि धोक्याची लक्षणं. म्हणून त्या पुस्तिकेची मी तीन छोटी वेबपानं केली आणि त्या त्या दिवशी त्या त्या पानाची लिंक पाठवायची असं ठरवून घेतलं. मनोगत आणि यंत्रसामग्री एकाही पानात आली नाही. संस्थेला ते थोडं लागलं, मला ते समजतही होतं, पण आदल्या रात्री नऊ वाजता ते कुणालाच नको असतं.

आदल्या दिवशीचं पान असं सुरू होतं:

उद्या सकाळी ८ वाजता या.
सोबत घरचं एक माणूस हवं.
आज डोक्यावरून अंघोळ करून घ्या.
चालू असलेल्या सगळ्या गोळ्या उद्या सोबत आणा.

छापील पुस्तिकेत यातलं पहिलंच वाक्य असं होतं: 'शस्त्रक्रियेच्या दिवशी रुग्णाने नियोजित वेळेपूर्वी नातेवाइकासमवेत रुग्णालयात उपस्थित राहावे.' फोनच्या रुंदीत एका ओळीत मराठीचे पाच-सहा शब्द मावतात, अक्षर मोठं केलेलं असेल तर तीन. 'शस्त्रक्रियेच्या' आणि 'नातेवाइकासमवेत' हे दोनच शब्द आले की ओळ संपते. म्हणून 'ऑपरेशन' आणि 'घरचं माणूस'. लोक बोलतातही तसंच.

इथे एक चूक फार जणांकडून होते. लहान ओळी हव्यात म्हणून वाक्याच्या मध्येच एंटर मारतात. स्वतःच्या फोनवर ते छान दिसतं. पण वडीलधाऱ्यांच्या फोनवर अक्षर सर्वांत मोठं ठेवलेलं असतं. तिथे ओळ आधी आपोआप तुटते, मग एंटरनं पुन्हा तुटते, आणि 'आणा' हा एकच शब्द एका ओळीत लटकतो. तोडायचं ते वाक्य, ओळ फोन तोडतो. मी माझ्या फोनवरचं अक्षर सर्वांत मोठं करूनच पान तपासते. दोन ओळींमधली जागाही जरा जास्त ठेवते, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना जाऊन भिडतात.

ड्रॉप्सचा तक्ता तसाच ठेवता आला नाही. तीन रकाने होते: आठवडा, औषध, दिवसातून किती वेळा. फोनवर तिसरा रकाना उजवीकडे दडतो, आणि तोच तर हवा असतो. म्हणून प्रत्येक आठवड्याचा वेगळा तुकडा केला, वर 'पहिला आठवडा', खाली औषध, त्याखाली ठळक '६ वेळा'. पुढच्या आठवड्याला ५, असं उतरत जातं. पान लांब झालं, पण अंगठा खाली जायला कंटाळत नाही, आडवा जायला कंटाळतो.

आता बटणं. 'अधिक माहिती' असं मी लिहीत नाही, कारण दाबल्यावर काय होणार ते त्यातून कळत नाही. 'दवाखान्याला फोन करा', 'रस्ता दाखवा', 'तारीख बदलायची आहे', एवढी तीनच बटणं, अंगठा सहज बसेल इतकी उंच, एकाखाली एक, मध्ये मोकळी जागा ठेवून. घरी गेल्यानंतरच्या पानावर धोक्याची लक्षणं सगळ्यांत वर, आणि फोनचं बटण त्यांना लागूनच.

छापील नंबर बटणात जसाच्या तसा चालत नाही. पुस्तिकेत लँडलाइनचा एसटीडी कोड नव्हता, गावातल्या माणसाला तो लागायचा नाही, आणि दुसरा नंबर तिरकी रेघ मारून नुसता शेवटच्या दोन आकड्यांत दिला होता. माणसाला ते कळतं, फोनला कळत नाही. एका बटणामागे एकच पूर्ण नंबर, इंग्रजी आकड्यांत:

```
tel:+91XXXXXXXXXX
https://wa.me/91XXXXXXXXXX
```

पहिल्यात अधिकचं चिन्ह आहे, दुसऱ्यात नाही. ते तसंच हवं.

आणखी एक अडचण खास मराठीची. पुस्तिका श्री-लिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये जुळवलेली होती. पीडीएफमधून मजकूर उचलला की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं येतात, म्हणून सगळं पुन्हा टाइप करावं लागलं. अशा वेळी आकडे मी दोनदा ताडून पाहते, ड्रॉप्सचे तर मोठ्यानं वाचून.

आणि माझ्या हातून झालेली चूकही सांगते. मूळ वाक्य होतं: 'रक्त पातळ होण्याची गोळी चालू असल्यास डॉक्टरांना कळवावे, ती स्वतःहून बंद करू नये.' मी केलं: 'रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे? डॉक्टरांना सांगा.' आटोपशीर वाटलं. कच्चा मजकूर वाचताना डॉक्टरांनी तिथेच बोट ठेवलं. ऑपरेशन म्हटलं की रक्तस्राव होईल या भीतीनं लोक ती गोळी आपणच बंद करतात, आणि हृदयाच्या पेशंटला ते महागात पडू शकतं. मी गाळलेला अर्धा भाग हाच त्या वाक्याचा जीव होता. तेव्हापासून गाळलेल्या प्रत्येक 'नये'ची वेगळी यादी करते आणि डॉक्टरांची सही घेतल्याशिवाय पान पुढे जाऊ देत नाही.

शेवटची तपासणी दवाखान्याच्या बाकावर होते. कुणातरी नातेवाइकाच्या हातात फोन देते आणि विचारते, "उद्या किती वाजता यायचंय? सोबत काय आणायचं?" मग त्यांच्या अंगठ्याकडे बघत बसते. अंगठा खाली जाऊन पुन्हा वर आला, तर क्रम चुकलाय. एक काकू दोन्ही उत्तरं बरोबर देऊन म्हणाल्या, "पण हे ड्रॉप्सचं मला कागदावर द्या हो, फ्रिजवर लावते. टाकला की टिक करायला बरं." म्हणून तक्त्याचा कागद अजूनही छापतो, मोठ्या टायपात, टिकेसाठी चौकोन ठेवून.