तीन ठिकाणचा रोध

आमच्या गोव्यात मराठी शाळेतलं मूल चौथीपर्यंत मराठीतून शिकतं आणि पाचवीला इंग्रजीत जातं. दहावीला विजेचा धडा येतो, तेव्हा घरी समजावणाऱ्या आईबाबांची शास्त्राची भाषा मराठी असते आणि पुस्तकाची इंग्रजी. म्हणून फोंड्याला आम्ही दोघांनी त्या एका धड्याच्या मराठी अनुवादावरून शब्दांची दुभाषी यादी करायला घेतली. मी आणि निवृत्त झालेल्या एक भौतिकशास्त्राच्या बाई.

पद्धत साधी ठेवली होती. स्प्रेडशीटमध्ये डावीकडे इंग्रजी वाक्य, उजवीकडे त्याचंच मराठी वाक्य. मग प्रत्येक संज्ञा किती वेळा आली ते मोजायचं. मोजणीत पहिला अडथळा ‘ॲम्पिअर’चा आला. यादीत तो दोनदा दिसत होता, आणि दोन्ही दिसायला अगदी सारखे. एका ठिकाणी ‘ॲ’ हे U+0972 असं एकच अक्षर होतं, दुसरीकडे ‘अ’ टाइप करून त्यावर चंद्र दिला होता. डोळ्यांना तो एकच शब्द, संगणकाला दोन. सगळीकडे एकच रूप केलं. शिवाय ‘रोध’ शोधला की ‘विरोध’ही सापडायचा, आणि ‘रोधाचा’, ‘रोधामुळे’ ही रूपंही त्यातच धरायची होती. म्हणून प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालणं भाग पडलं. आता वाटतं, ते बरंच झालं.

कारण आकडे जुळेनात. इंग्रजीत ‘रेझिस्टन्स’ 41 वेळा, मराठीत ‘रोध’ 63 वेळा. बावीस ‘रोध’ आले कुठून?

एकोणीस लगेच सापडले. ते ‘रेझिस्टर’साठी होते. मराठीत गुणधर्मालाही रोध म्हणतात आणि परिपथात जोडायच्या वस्तूलाही, ‘रोधांची एकसर जोडणी’ म्हणतो तसं. राहिले तीन. इंग्रजीत ‘रेझिस्टिव्हिटी’ 12 वेळा होती, मराठीत ‘रोधकता’ फक्त 9 वेळा.

पहिलं ठिकाण एका सोडवलेल्या उदाहरणात निघालं. 4 ओहम रोधाची तार ताणून दुप्पट लांब केली. तारेचं आकारमान तेवढंच राहतं, म्हणून छेदाचं क्षेत्रफळ निम्मं होतं. लांबी दुप्पट, क्षेत्रफळ निम्मं, म्हणून रोध चौपट, 16 ओहम. इथवर अनुवाद चोख होता. पुढचं वाक्य होतं, ‘पण तारेचा रोध तेवढाच राहतो.’ बाई ते दोनदा वाचून म्हणाल्या, “अहो, आत्ता तर चौपट झाला म्हणाले!” इंग्रजीत तिथे रेझिस्टिव्हिटी होती. ती पदार्थाची असते. तार ताणा, कापा, तांबं ते तांबंच.

दुसरं ठिकाण एका तक्त्याच्या मथळ्यात होतं, ‘विविध पदार्थांचा रोध’. खाली तांब्यासमोर सुमारे 1.7 × 10⁻⁸ Ω m. रोधाचं एकक नुसतं ओहम. ओहम मीटर दिसलं की तिथे रोधकताच हवी. ही चूक एककावरून कुणालाही पकडता आली असती.

तिसऱ्याने मात्र मला अस्वस्थ केलं. ‘धातूंचा रोध तापमानानुसार बदलतो.’ वाक्य खरं आहे, कारण रोध आणि रोधकता दोन्ही बदलतात. अर्थ चुकत नाही, एकक दिसत नाही. समोर इंग्रजी वाक्य नसतं तर मी ते हजारदा वाचूनही पुढे गेलो असतो. तपासणाऱ्यांनी अनुवाद नुसता मराठीत वाचला होता, म्हणून त्यांना काही खटकलं नाही.

अनुवादकांना फोन केला. ते म्हणाले, “सर, रोध आणि रोधकता लागोपाठ आले की वाचताना अडखळायला होतं. ओघ राहावा म्हणून दोन-तीन ठिकाणी सोपं केलं.” त्यांची तळमळ मला समजते. पण गोष्टीत शब्द बदलला तर चालतं, या धड्यात अडखळणंच हवं, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी तिन्ही जागा त्याच संध्याकाळी दुरुस्त केल्या.

‘रेझिस्टर’वर मात्र आमचं दोघांचं जमेना. बाईंना ‘रोधक’ हवा होता. मला भीती होती की रबर, प्लॅस्टिक यांनाही आपण विद्युतरोधक म्हणतो. एक प्रवाह जवळजवळ जाऊच देत नाही, दुसरा मोजून जाऊ देतो, आणि मूल दोन्ही एकच समजेल. बाहेर पाऊस कोसळत होता, वीज दोनदा गेली, तरी वाद चालूच. शेवटी बाईंनीच घरातला जुना रेडिओ उघडला, रंगीत पट्ट्यांचा एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, “याला दुकानात काय म्हणून मागाल?”

यादीत ‘रेझिस्टर’ असंच लिहिलं. रोध आणि रोधकता यांच्या ओळी एकाखाली एक घेतल्या, प्रत्येकीपुढे एकक आणि त्या ताणलेल्या तारेचं एकेक वाक्य.