मे महिन्यात थंडीने गारठलो, तेही घामामुळे

त्या दिवसाचं टॅली शीट, म्हणजे माल मोजून लिहायचा कागद, मी अजून जपून ठेवलंय. वरच्या बारा ओळींत माझं अक्षर नेहमीसारखं आहे. मग आकडे मोठे होत जातात, रेघ सोडून खाली घसरतात. सतराव्या ओळीत मी एकच पॅलेट दोनदा लिहिलंय आणि अठराव्या ओळीत नुसती एक वाकडी रेघ आहे. ती रेघ ओढताना मला वाटत होतं, काम मस्त चाललंय.

मी चाकणकडच्या एका कोल्ड स्टोअरेजमध्ये डिस्पॅचला आहे. आमच्या मोठ्या चेंबरमध्ये मायनस वीस असतं. फ्रोझन मटार, स्वीट कॉर्न, आइस्क्रीम असा माल. चेंबरबाहेर अँटीरूम, तिथे पाच-सहा डिग्री, आणि त्यापलीकडे डॉक. मे महिन्यात दुपारी डॉकवर चाळीसच्या आसपास. म्हणजे पंधरा-वीस पावलांत साठ डिग्रीचा फरक. नवीन माणसाला वाटतं उन्हाळ्यात इथे मजा असेल. मलाही पहिल्या वर्षी वाटलं होतं.

त्या दुपारी रॅकमधला माल काढणारा रीच ट्रक बंद पडला आणि गाडी तर दारात उभी. खालच्या रॅकचा माल आम्ही तिघांनी हातानेच काढायला घेतला. पेटी चौदा किलोची. अर्ध्या तासात जॅकेटच्या आत मला घाम सुटला. गरम होतंय म्हणून बरंच वाटलं. ब्रेकमध्ये सगळ्यांसारखाच डॉकवर उन्हात जाऊन उभा राहिलो, जॅकेट अंगातच. आमच्याकडे ब्रेक म्हणजे ऊन खाणं, अशीच पद्धत पडलेली. तिथे अजून घाम आला. आत सुती बनियन होतं, ते पिळून काढता आलं असतं इतकं भिजलं होतं. तसाच परत आत गेलो.

आणि आता माझं काम बदललं. उचलाउचल संपली होती, मोजणी राहिली होती. म्हणजे एका जागी उभं राहायचं, तेही नेमकं ब्लोअरच्या समोर. ओझं उचलताना अंगात जी ऊब तयार होते ती बंद झाली, आणि भिजलेलं बनियन मात्र अंगाला चिकटलेलंच. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता ओढतं. त्यामुळे जॅकेट कितीही भारी असलं तरी आतला थर ओला असेल तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. मायनस वीसमध्ये ताशी १५ किलोमीटर वारा लागला तर उघड्या कातडीला ते मायनस २९ सारखं बाधतं. आणि माझा उजवा हात जवळजवळ उघडाच होता. आत बॉलपेन चालत नाही, शाई गोठते, म्हणून आम्ही पेन्सिल वापरतो. जाड ग्लोव्हमध्ये पेन्सिल धरता येत नाही, म्हणून तो काढून फक्त आतला पातळ ग्लोव्ह ठेवला होता.

आधी जोरात कापरं भरलं, ते मला आठवतंय. त्यानंतरचं मी मामांकडून ऐकलं. मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने लोडर, मूळचे मंचरचे, मला एकेरीत बोलावणारे. त्यांनी विचारलं, “किती झाले रे?” मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलो. त्यांनी परत विचारलं तर मी त्यांच्यावर खेकसलो. मी मामांवर कधी आवाज चढवलेला नाही. त्यांना तिथेच खटकलं. मग पेन्सिल पडली, ती उचलताना बोटं जुळेनात, आणि सपाट जमिनीवर मी अडखळलो. आमच्यातला एक जण हसून म्हणाला, “दुपारीच टाकून आला वाटतं!” तसंच दिसतं ते. पुटपुटणं, चिडणं, हातातून वस्तू पडणं, पाय अडखळणं. शरीराच्या आतलं तापमान ३५ च्या खाली गेलं की मेंदू मंदावतो, आणि ते कळायला लागतो तो मेंदूच. म्हणून आपलं आपल्याला कळत नाही. “मी ठीक आहे, दहा पॅलेट राहिलीत,” असं मी म्हणालो म्हणे.

मामांनी वाद घातला नाही. काखेत हात घालून बाहेर काढलं. बाहेर सगळ्यांचे सल्ले सुरू झाले. एक जण हात चोळायला लागला, दुसरा उन्हात फेऱ्या मारायला सांगत होता, तिसऱ्याने घोटभर ब्रँडी सुचवली. तिन्ही गोष्टी चुकीच्या. चोळण्याने आणि चालवण्याने हातापायांतलं गार रक्त हृदयाकडे येतं, गारठलेली कातडी सोलवटते ते वेगळंच. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतात आणि उरलीसुरली ऊबही निघून जाते. मामांनी मला ऑफिसात आडवं केलं, एसी बंद करायला लावला, ओलं बनियन काढलं, अंग पुसून कोरडं केलं, डोक्याला कानटोपी घालून दोन ब्लँकेटं गुंडाळली. गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून काखेत आणि छातीशी ठेवल्या, हातापायांना नाही. कप धरून नीट गिळता यायला लागल्यावरच साखर जास्त घातलेला चहा दिला.

हॉस्पिटलात मोजलं तेव्हा ३४.४ भरलं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, “कापरं मध्येच थांबलं होतं का?” थांबलं नव्हतं, ते नशीब. ऊब न मिळता कापरं थांबलं आणि माणूस सुस्तावला तर तो सुधारत नसतो, जास्त खाली घसरत असतो. तेव्हा चहाबिहा काही नाही, आडवं ठेवून, न हिंदकळता, सरळ १०८.

चार दिवसांनी कामावर आलो तेव्हा आमच्या इन्चार्जना आधी अर्धवट राहिलेली गाडी आठवली. असो. पण सेफ्टीवाल्या मॅडमनी टॅली शीट बघितलं आणि ब्रेकचा विषय लावून धरला. जर्मन मानकात मायनस १८ ते मायनस ३० साठी सलग जास्तीत जास्त ९० मिनिटं काम आणि मग ३० मिनिटं ऊब असं धरतात. आमच्याकडे हातकाम जास्त, म्हणून ४५ मिनिटं आत आणि १५ बाहेर असं ठरलं. खरा फरक त्या पंधरा मिनिटांच्या जागेने पडला. अँटीरूममध्ये बसणं हा ब्रेक नव्हे, आणि मे महिन्यात डॉकवर उभं राहणं त्याहून वाईट. आता एक खोली चोवीस-पंचवीस डिग्रीवर कोरडी ठेवलीय. तिथे जॅकेट आणि ग्लोव्ह काढून टांगायचेच, नाहीतर त्यावरचं हिम वितळून मुरतं. मोजणीसुद्धा चेंबरमधून हलवली, अँटीरूममध्ये पॅलेट आल्यावर करतो.

कपड्यांत मी एवढंच बदललं: सुती बनियन बंद, आत घाम शोषून बाहेर टाकणारं पॉलिस्टरचं थर्मल, त्यावर फ्लीस, मग जॅकेट. जड काम असेल तर चेन थोडी उघडून घाम टाळायचा, उभं राहायचं काम आलं की बंद. लॉकरमध्ये दुसरं कोरडं थर्मल. आणि बुटात दोन जोड मोजे कोंबत नाही, पाय आवळला की जास्त गार पडतो.

मामांनी स्वतःची एक तपासणी सुरू केलीय. बाहेर येणाऱ्याला दारातच थांबवतात आणि म्हणायला लावतात, “चटईला टाचणी टोचली.” जीभ अडखळली की थेट उबेच्या खोलीत. नवीन भरतीतल्या बिहारच्या पोरांना ते धडधाकट असतानाही म्हणता येईना, म्हणून त्यांना अंगठा करंगळीला टेकवायला सांगतात.