तारीख, वेळ आणि बोललेले नेमके शब्द

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात अकाउंट्सवाले बरेचदा उशिरापर्यंत थांबतात. तेव्हाच साहेब खुर्चीमागे येऊन उभे राहायचे, खांद्यावर हात ठेवायचे. रात्री व्हॉट्सअॅपवर मेसेज यायचे. माझी आत्या फोर्टला एका वकिलांकडे वर्षानुवर्षं टायपिस्ट होती. तिला सांगितलं तेव्हा ती आधी म्हणाली, "हे सगळं लिहून ठेवायला बांधीव वही घे. स्पायरलची नको, पान फाडलं तरी कळत नाही."

पानांवर आधीच आकडे टाकायचे, मधे जागा सोडायची नाही, चुकलं तर एकच रेघ मारायची, खाली काय लिहिलं होतं ते वाचता आलं पाहिजे. नोंद त्याच दिवशी करायची. मी घरी जाताना लोकलमध्येच लिहायचे आणि पानाचा फोटो स्वतःच्या जीमेलवर पाठवायचे, म्हणजे नोंद कधीची याचा दुसरा पुरावा तयार. ऑफिसच्या लॅपटॉपवर यातलं काहीही ठेवलं नाही. नोकरी सुटली की ऑफिसचं खातं बंद होतं.

लिहायचं कसं, यावर आत्या फार कडक होती. "घाणेरडं बोलले, हे तुझं मत झालं. बोलले ते शब्द लिही." लाज वाटली, पण लिहिले. एक नोंद थोडक्यात अशी होती: 'मंगळवार, ११ मार्च २०२५. संध्याकाळी ६:५० च्या सुमारास. माझं टेबल, खिडकीकडचं. सर मागून आले, उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवला. मी खुर्ची पुढे ओढली, तरी काढला नाही. म्हणाले, "एवढी काय घाबरतेस, मी काय खातोय का?" समोरच्या टेबलावरची सहकारी तेव्हा प्रिंटरपाशी होती. तिने पाहिलं का, माहीत नाही. एसी बंद झाला होता, सरांनी वॉचमनला फोन करून परत लावायला सांगितलं. मी ७:३० ला निघाले. स्टेशनवरून मैत्रिणीला मेसेज केला.'

वेळ 'सुमारास' आणि 'माहीत नाही' हे मुद्दाम. घड्याळ पाहिलं नव्हतं, तर ६:५२ कशाला लिहा? एसीचं तेव्हा मलाही फालतू वाटलं होतं. पुढे साहेबांनी लेखी उत्तरात म्हटलं, की त्या दिवशी ते सहालाच निघाले होते. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये उशिरा एसी लावल्याची नोंद निघाली, त्यांच्याच नावाने.

मेसेजचं वेगळं. साहेबांनी मधेच चॅटवर आपोआप पुसणारे मेसेज चालू केले, त्यामुळे आला की लगेच स्क्रीनशॉट घ्यावा लागायचा. स्क्रीनशॉटमध्ये फक्त आपण सेव्ह केलेलं नाव दिसतं, ते कुणालाही देता येतं. म्हणून कॉन्टॅक्टच्या पानाचाही, नंबर दिसेल असा, एक घेतला. काहीही कापलं नाही. पूर्ण चॅट एक्स्पोर्ट केलं, त्यात माझं 'ओके सर' आणि पुढचा हसरा चेहरासुद्धा राहू दिला. चौकशीत त्यांनी तोच पुढे केला, पण तो माझ्याच कागदांत आधीपासून होता, त्यामुळे त्याची धार गेली. जुना फोन अजून विकलेला नाही. प्रकरण कोर्टात गेलं तर २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातल्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं, आणि ते देताना मूळ यंत्र हाताशी असलेलं बरं.

सीसीटीव्ही मात्र थांबत नाही. फुटेज ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून तारीख-वेळ देऊन 'हे जपून ठेवा' असा मेल एचआरला लगेच केला. देणं न देणं त्यांच्या हातात, पण मागितल्याची नोंद माझ्याकडे राहिली.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे ऑफिसच्या अंतर्गत समितीकडे तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यावी लागते. प्रकार वारंवार होत असेल तर शेवटच्या घटनेपासून. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, पण त्यावर विसंबायला नको. म्हणजे शेवटच्या नोंदीची तारीख सगळ्यात महत्त्वाची. तक्रारीच्या सहा प्रती, सोबत कागद आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. वही मी दिली नाही, झेरॉक्स दिल्या आणि मूळ वही सुनावणीत दाखवली. वहीवरून तारखावार एक पानी यादी केली होती, समितीतल्या बाई शेवटपर्यंत तीच हातात धरून प्रश्न विचारत होत्या.

समितीसमोर वकील नेता येत नाही. माझं मलाच बोलायचं होतं, आणि आठवेना तेव्हा मी "नोंद बघून सांगते" म्हणायचे. कुणी हरकत घेतली नाही.

नावं किंवा चौकशीत काय झालं, याबद्दल याहून जास्त लिहीत नाही. २०१३ च्या त्याच कायद्याच्या कलम १६ ने त्यावर बंदी आहे. समितीच्या शिफारशींवर अपील करायला ९० दिवस असतात आणि ते दोन्ही बाजूंना करता येतं, तेव्हा वही, फोन आणि मेल तोवर तरी जागचे हलवू नका.