क्योटोचे पाच दिवस, पहिल्या दिवसाची धावपळ आणि रात्री रंगवलेला नकाशा

ऑक्टोबरमध्ये आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, मुलगी आणि माझी आई, क्योटोला जाऊन आलो. क्योटोत काय बघायचं हे सगळीकडे लिहिलेलं आहे त्यामुळे ते परत सांगत नाही, मी फक्त कुठल्या दिवशी कुठलं ठिकाण घ्यायचं एवढंच सांगतो कारण पहिल्या दिवशी त्यातच माती खाल्ली.

मी काय केलं होतं तर 'सगळ्यात प्रसिद्ध' अशा दोन तीन याद्या काढल्या, त्यात जी नावं परत परत येत होती ती वरून खाली लिहिली आणि तीन तीनचे गट करून प्रत्येक दिवसाला वाटून टाकली. पहिल्या दिवशी आलं फुशिमी इनारी (ते शेंदरी कमानींचं), मग किंकाकुजी आणि मग गिंकाकुजी ही दोन देवळं. एक सोनेरी, एक चंदेरी, नावं सख्ख्या बहिणींसारखी, त्यामुळे मला वाटलं असतील शेजारी शेजारी. नकाशा उघडून बघायचा तेवढा राहिला.

प्रत्यक्षात फुशिमी इनारी शहराच्या दक्षिणेला, किंकाकुजी वायव्येच्या कोपऱ्यात आणि गिंकाकुजी पार ईशान्येला डोंगराच्या पायथ्याशी. इनारी ते किंकाकुजी सरळ रेषेत नऊ एक किलोमीटर आणि दोन 'बहिणीं'मध्ये साडेसहाच्या आसपास. आकडे ऐकून फार वाटत नाही पण हे सगळं बसने आणि सिग्नलला थांबत थांबत. आम्ही नऊला हॉटेल सोडलं (हॉटेल क्योटो स्टेशनजवळ), इनारीला बारापर्यंत होतो कारण आई कमानींमधून हळूहळू चढत होती, किंकाकुजीला पोचायला पावणेदोन. तिथून निघताना दोन बस भरलेल्या आल्या म्हणून सोडल्या, तिसरीत उभ्याने गेलो, गिंकाकुजीच्या स्टॉपवर उतरलो तेव्हा चार पस्तीस झाले होते आणि पुढे चढाचा रस्ता. दाराशी पोचलो तेव्हा पाचला दहा कमी. देऊळ पाचला बंद. दहा मिनिटांसाठी तिकीट कोण काढणार, तसेच मागे फिरलो. आई बसमध्ये एवढंच म्हणाली, "अरे, हा पूल सकाळपासून तिसऱ्यांदा बघतोय मी."

रात्री हिशोब केला. साडेनऊ तासांचा दिवस, त्यातले जवळजवळ साडेचार तास बस, ट्रेन आणि रांगेत. आणि खरा राग पुढेच आला, कारण नकाशा उघडल्यावर दिसलं की किंकाकुजीपासून र्‍योआनजी (ती पंधरा दगडांची बाग) चालत वीस मिनिटांवर आणि तिथून पुढे निन्नाजी अजून दहा पंधरा मिनिटांवर, एकाच रस्त्यावर ओळीने. ती दोन्ही मी चौथ्या आणि दुसऱ्या दिवशी टाकली होती! म्हणजे त्या कोपऱ्यात तीनदा जाणार होतो.

मग बसलो नकाशा घेऊन. गूगलचं My Maps वापरलं, साधं Maps वापरून जागा सेव्ह केल्या तरी चालेल पण My Maps मध्ये पिनांना वेगवेगळे रंग देता येतात आणि लेयर करता येतात, त्यामुळे एका दिवसाचा एक लेयर असं दिसतं. पायरी पहिली, बघायची असलेली सगळी ठिकाणं एकाच रंगात टाका, दिवस वगैरे काही ठरवू नका. आणि मग नकाशा एवढा लहान करा की नावं दिसेनाशी होतील. हे महत्त्वाचं आहे, कारण नावं दिसली की डोकं परत 'प्रसिद्ध आणि कमी प्रसिद्ध' करायला लागतं. फक्त ठिपके दिसले की पुंजके आपोआप दिसतात. क्योटोत मला दिसले ते असे: पूर्वेला डोंगराच्या कडेने एक लांबट पट्टा, वायव्येला तीन ठिपके, पश्चिमेला आराशियामा, दक्षिणेला इनारी आणि तोफुकुजी, आणि मधोमध एकटा निजो किल्ला.

पण इथेच थांबू नका, कारण नकाशावर जवळ म्हणजे खरंच जवळ असं नसतं. पूर्वेच्या पट्ट्यात कियोमिझु-देरा आणि गिंकाकुजी दोन्ही येतात, ठिपके बघून वाटतं एका दिवसात होईल, पण दोन टोकांमध्ये साडेतीन किलोमीटरच्या वर अंतर आहे आणि मध्ये देवळंच देवळं. म्हणून मी एक साधा नियम लावला, पुंजक्यातलं पुढचं ठिकाण एकतर वीस पंचवीस मिनिटं चालत असावं नाहीतर एकाच गाडीने, मध्ये न बदलता जाता यावं. यात बसलं नाही तर तो दुसरा पुंजका. आणि ही वेळ तपासताना निघायची वेळ सकाळी दहाची टाकून बघा, रात्री अकराला हॉटेलमध्ये बसून 'आत्ता निघालं तर' असं बघितलं तर तेव्हाच्या गाड्यांचा हिशोब येतो, दिवसाचा नाही.

त्या नियमाने पूर्वेचा पट्टा दोन दिवसांत तोडला. दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडचा अर्धा. कियोमिझु-देरा सकाळी सहाला उघडतं, बाकीची बरीच देवळं साडेआठ नऊला, म्हणजे सुरुवात तिथूनच करायची हे वेळेनेच ठरवलं. आम्ही साडेसातला वर होतो. दुसरं कारण चढाचं, कियोमिझु उंचावर आहे, एकदा सकाळी ताज्या पायांनी चढलं की पुढे सान्नेनझाका आणि निनेनझाकाच्या पायऱ्या उतरत उतरत कोदाइजी, मग यासाका देऊळ, मारुयामा बाग, चिओन-इन. उलट दिशेने गेलो असतो तर हेच सगळं दुपारी चढत, आणि आईचे गुडघे आहेत. कुठेही बस नाही, कुठेही मागे फिरणं नाही. जिथे संपलं तिथून हॉटेलवर, परत कियोमिझुला यायची गरज नाही. एका दिवसाचा रस्ता गोल करायच्या नादात लोक उगाच मागे येतात, रेघ एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाच्या स्टेशनवर संपली तर तेच बरं.

तिसऱ्या दिवशी उत्तरेचा अर्धा. गिंकाकुजी साडेआठला उघडतं, आम्ही उघडायच्या आधीच दारात (यावेळी!). तिथून कालव्याच्या काठाने तत्त्वज्ञांची वाट, दोन एक किलोमीटर, जवळजवळ सपाट, आई मजेत चालली. मग एइकान्दो, मग नान्झेनजी, तिथला विटांच्या कमानींवरचा पाण्याचा पाट मुलीला सगळ्यात जास्त आवडला, देवळापेक्षा. तिथून केआगे स्टेशन चालत अंतरावर.

आता त्या एकट्या ठिपक्याचं, निजो किल्ल्याचं. मी आधी त्याला अर्धा दिवस वेगळा देणार होतो. पण केआगेवरून भुयारी रेल्वेची तोझाई लाइन जाते आणि तीच लाइन न बदलता निजोजो-माए स्टेशनला जाते, पाच स्टेशनं. म्हणजे नकाशावर लांब पण गाडीने दहा एक मिनिटं. म्हणून पुंजके बघताना एकदा साध्या Maps मध्ये रेल्वेच्या रेघा चालू करून बघा, एकाच रेघेवरचे दोन ठिपके शेजारीच समजायचे. पण इथे एक गंमत झाली असती. त्याच लाइनवर पुढचं स्टेशन 'निजो' आहे, नाव बघून तिथेच उतरावंसं वाटतं, पण किल्ल्याला चहूबाजूंनी खंदक आहे, आत जायचा दरवाजा पूर्वेला आणि ते स्टेशन पश्चिमेला. पिन किल्ल्याच्या मधोमध पडते म्हणून दोन्ही स्टेशनं सारखीच वाटतात. मोठ्या आवाराच्या कुठल्याही ठिकाणी पिन उचलून दरवाजावर ठेवायची, मी रात्री सगळ्यांच्या पिना सरकवल्या. किल्ल्यात शेवटचा प्रवेश चारला असतो, आम्ही सव्वादोनला आत गेलो. काही महिन्यांत मंगळवारी आतला महाल बंद असतो तेवढं बघून दिवस ठरवा, कारण एका ठिकाणाच्या सुट्टीने दोन दिवसांची अदलाबदल करावी लागली तर चालतं पण ते घरून निघायच्या आधी कळलेलं बरं.

चौथा दिवस पश्चिम आणि वायव्य. हे दोन पुंजके मी वेगळे धरले होते, पण आराशियामाहून छोटी ट्रामसारखी गाडी आहे, रान्देन म्हणतात, ती काताबिरानोत्सुजीला बदलून कितानो लाइनने थेट निन्नाजीच्या समोर सोडते. माझा 'न बदलता' नियम मोडला खरा पण बदलायचं ते एका छोट्याशा स्टेशनवर. आम्ही क्योटो स्टेशनवरून सकाळच्या ट्रेनने आराशियामा, बांबूचं बन आठच्या आत (नऊनंतर नुसती डोकी दिसतात, परत येताना बघितलं), तेनर्युजी, मग रान्देन, निन्नाजी आणि चालत र्‍योआनजी. तुम्ही पहिल्या दिवशी माझ्यासारखा मूर्खपणा केला नसेल तर तसेच वीस मिनिटं चालत किंकाकुजीला जा, पाचच्या आत पोचायचं फक्त. आम्हाला तिथून बस पकडून परत यावं लागलं.

एका गोष्टीत हा प्रकार अंगाशी येतो तेही सांगतो. जवळ जवळची ठिकाणं एका दिवसात आणली की प्रवासाचा वेळ वाचतो, आणि मग 'हे पण इथेच आहे' करत आपण तो भरत जातो. दुसऱ्या दिवशी मी चिओन-इननंतर अजून दोन देवळं घुसवली होती, मुलीने चौथ्या देवळाच्या पायरीवर बसकण मारली आणि हलेना. वाचलेले दोन तास बागेत बसायला ठेवा, सगळी देवळंच असलेल्या पुंजक्यात तर नक्कीच. तिसऱ्या दिवशी किल्ला मध्ये आला म्हणून तो जमला असं मला वाटतं, आई म्हणते कालव्यामुळे.

उरलं तोफुकुजी. परतीच्या दिवशी दुपारची ट्रेन होती, बॅगा स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाकल्या आणि जेआरच्या नारा लाइनने गेलो, क्योटो स्टेशनवरून पहिलंच स्टेशन, दोन तीन मिनिटं. पहिल्या आणि शेवटच्या अर्ध्या दिवसाला स्टेशनजवळचाच पुंजका ठेवा, बॅगा ओढत लांब जाऊ नका. गाडीत आई दारावरचा नकाशा वाचत होती. इंग्लिशमध्ये पुढच्या स्टेशनचं नाव होतं इनारी.

"म्हणजे पहिल्या दिवशी आपण इथूनच पुढे गेलो होतो?"

मी हो म्हणालो. तिने माझ्याकडे बघितलं, पर्स खांद्यावर घेतली आणि उतरली.

(इनारीला जाणाऱ्यांसाठी, लोकल गाडीच पकडा, जलद गाडी तोफुकुजीला थांबते पण इनारीला थांबत नाही. दोन्ही एका सकाळी करा, इनारी चोवीस तास उघडं असतं म्हणून आधी तिकडे आणि मग एक स्टेशन मागे तोफुकुजी.)