11,400 बॉक्स, आणि तू पार्टनर झालीस

अगं पोरी,

काल रात्री तुझा मेसेज आला, "सर, 1 एप्रिलपासून पार्टनर म्हणून घेतलं", आणि मी नुसता अंगठा टाकून मोबाईल ठेवला म्हणून हिने मला झापलं, म्हणाली तीन वर्षं आपल्या घरी डबा खाल्लेली मुलगी आहे, नीट चार ओळी तरी लिहा. म्हणून आज ऑफिसला आल्या आल्या बसलोय. अभिनंदन तर आहेच, मनापासून आहे, पण नुसतं अभिनंदन लिहायला मला जमत नाही हे तुला माहितीये. मला सारखा 2015 चा 31 मार्च आठवतोय.

तुला आठवतच असेल म्हणा. तासगाव रोडवरचं ते कोल्ड स्टोरेज. सीएच्या आर्टिकलशिपचं तुझं दुसरं वर्ष, आणि ऑडिटचा क्लायंट म्हणजे बेदाण्याचा व्यापार करणारी ती प्रायव्हेट लिमिटेड. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि आत चार-पाच डिग्री. त्या दिवशी मला दोन ठिकाणी स्टॉक मोजायचे होते, दुसरं चार वाजता, त्यामुळे मी सकाळपासूनच घड्याळाकडे बघत होतो. तुला आणि तुझ्या ज्युनियरला आत पाठवलं आणि मी बाहेर मॅनेजरच्या टेबलाशी चहा पीत बसलो. हे आधीच लिहून टाकतो, कारण नंतर मी ही गोष्ट चारचौघांत सांगताना "आम्ही पकडलं" असं सांगायचो. आम्ही वगैरे काही नाही, मी चहा पीत होतो.

मोजणी सोपी होती. 15 किलोचे बॉक्स, थप्पीत उभे 10, आडवे 12, आत खोल 5, म्हणजे एका थप्पीत 600, आणि अशा 19 थप्प्या. 11,400. क्लायंटच्या स्टॉक शीटवर पण 11,400. एकही बॉक्स इकडेतिकडे नाही. थप्पी आतून पोकळ तर नाही ना म्हणून तू हमालांकडून तीन ठिकाणी मधले बॉक्स काढून घेतलेस, ते मीच शिकवलेलं, आणि ते पण भरलेले निघाले. आता इतकं जुळल्यावर माझ्यासारखा माणूस काय करणार, शीटवर सही घेऊन पुढच्या ठिकाणी निघणार.

तू बाहेर आलीस तेव्हा ओठ निळे पडलेले आणि हातात पेन्सिल, कारण आत पेन चालेना. आणि म्हणालीस, "सर, बॉक्स बरोबर आहेत, पण सगळे यांचेच आहेत का?" मी वैतागलो होतो, खरं सांगतो. म्हटलं, काउंट जुळला ना, मग आता काय? तर तू म्हणालीस की पुढच्या थप्प्यांवर क्लायंटच्या लॉटच्या छापील चिठ्ठ्या आहेत, पण तिसऱ्या चेंबरच्या मागच्या बाजूला साधे बॉक्स आहेत, त्यावर स्केचपेनने कुणाचं तरी नाव आणि गावाचं अक्षर लिहिलंय. मोबाईलच्या टॉर्चवर वाचलं होतंस ते.

आता आपल्याकडे मार्चमध्ये काय असतं ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. शेडवर नवीन बेदाणा तयार होत असतो, शेतकऱ्याला भाव पटला नाही तर तो माल कोल्ड स्टोरेजला टाकून थांबतो, आणि व्यापाऱ्याचा विकत घेतलेला माल पण त्याच चेंबरला, शेजारीच. बॉक्सकडे बघून मालक कळत नाही. ऑडिटच्या एसए 501 या स्टँडर्डमध्ये ऑडिटरने मोजणीला हजर राहून माल आहे का आणि कुठल्या अवस्थेत आहे ते बघायचं असतं, पण माल आहे हे कळलं म्हणजे तो क्लायंटचा आहे हे कळलं असं होत नाही, त्याचा पुरावा वेगळा शोधावा लागतो. परीक्षेत हे सगळ्यांना येतं. चार वाजताची दुसरी मोजणी डोक्यावर असली की येत नाही.

आणि मग तू जे मागितलंस त्याला मी आजही दाद देतो. स्टॉक रजिस्टर नाही मागितलं, ते तर क्लायंटनेच लिहिलेलं. भाड्याचं बिल मागितलंस. स्टोरेजवाला भाडं ज्याचा माल त्याच्या नावावर लावतो, दर बॉक्सला दर महिन्याला, आणि जो माल आपला नाही त्याचं भाडं कुठलाही व्यापारी हौसेने भरत नाही. फेब्रुवारीच्या बिलात क्लायंटच्या नावावर शेवटी 6,900 बॉक्स. मग आवक-जावक रजिस्टर काढायला लावलंस, मार्चमध्ये त्यांच्या नावावर 1,100 आत आले, 800 बाहेर गेले. म्हणजे 7,200. आणि शीटवर 11,400. मॅनेजरने रजिस्टर असं पटकन मिटलं की मलाच चहा कडू लागला.

मालकांना फोन केला, ते अर्ध्या तासात आले. त्यांचं म्हणणं, "सायेब, माल शेतकऱ्यांचा हाय खरं, पण सौदा झालाय, नुसती पट्टी व्हायची राहिलीय." आता हे अगदीच खोटं पण नव्हतं. सौदा झाला की माल त्यांचा, पैसे द्यायचे बाकी असले तरी. म्हणून तू म्हणालीस, मग ज्याचा सौदा 31 च्या आत झाला त्याचे कागद दाखवा. कागद निघाले 600 बॉक्सचे, तारीख 29 मार्च. ते आपण घेतले, स्टॉकमध्ये पण आणि तेवढंच शेतकऱ्यांचं देणं पण पुस्तकात. राहिले 3,600. त्याचा एकही कागद नाही.

3,600 बॉक्स म्हणजे 54,000 किलो, तेव्हा शीटवर भाव लावला होता 150, म्हणजे 81 लाख. खरेदी न दाखवता शेवटचा स्टॉक वाढवला की तेवढाच नफा वाढतो, आणि त्या वर्षी कंपनी खरं म्हणजे तोट्यात होती. तुला तेव्हा प्रश्न पडला होता की नफा वाढवून कोण कशाला टॅक्स भरेल. गाडीत सांगितलं होतं बघ, टॅक्स नाही, सीसी बघ, म्हणजे बँकेचं कॅश क्रेडिट. बँक स्टॉकवर 25 टक्के मार्जिन कापून उचल देते, 81 लाखांच्या दुसऱ्याच्या मालावर यांना पावणे एकसष्ट लाख उचलता येत होते, आणि लिमिट रिन्यूअल मे महिन्यात होतं. शिवाय तोटा दिसला असता तर बँकेने लिमिटच कमी केलं असतं. ज्या शेतकऱ्याने भावासाठी माल थांबवलाय त्याच्या मालावर तिसऱ्याच माणसाचं कर्ज.

पुढचं तुला थोडंच माहितीये. मालक दोन दिवस ऑफिसला येऊन बसले, आधी गोड, मग ऑडिटर बदलायची भाषा, मग "एवढ्याशा पोरीच्या सांगण्यावरून" वगैरे. शेवटी स्टॉक दुरुस्त झाला, तोटा दिसला, रिपोर्ट त्या आकड्यांवर गेला. पुढच्या वर्षी ते काम आपल्याकडून गेलं, आणि त्या काळात ती फी आपल्याला बऱ्यापैकी जड होती, पण ते तुला सांगितलं नव्हतं कारण तुझी परीक्षा जवळ होती.

हे सगळं आज का उकरतोय, तर त्या दिवशी रिपोर्टवर सही आणि मेंबरशिप नंबर माझा जाणार होता. तुझा नाही. आता तुझा जाईल. तेव्हा यूडीआयएन, म्हणजे सही केलेल्या प्रत्येक रिपोर्टला मिळणारा वेगळा नंबर, नव्हतं, 2019 पासून आलं, आता त्या 18 आकडे-अक्षरांत तुझा सहा आकडी मेंबरशिप नंबर असतो आणि बँकवाला पोर्टलवर टाकून बघतो की सही खरी आहे का. पण सही खरी आहे एवढंच त्यात कळतं, आत चेंबरमध्ये कोण गेलं होतं आणि बाहेर चहा कोण पीत होतं ते नाही कळत. तुझ्याकडे आता पोरं असतील, मोजायला ती जातील, आणि घाई तुला असेल.

बाकी व्यवहाराचं थोडं, कारण हे तुला कुणी सांगणार नाही, सगळे नुसता केक कापतील. तुमची फर्म साधी पार्टनरशिप आहे की एलएलपी हे आधी बघ. साधी असेल तर 1932 चा कायदा, आणि त्यात फर्मच्या देण्याला प्रत्येक पार्टनर सगळ्यांबरोबर आणि एकटासुद्धा जबाबदार असतो, वाटा 5 टक्के असला तरी. तू येण्याआधीच्या देण्याला नुसतं पार्टनर झाल्यामुळे तू बांधली जात नाहीस, म्हणून पार्टनरशिप डीडवर तारीख काय आहे आणि जुनी देणी तुझ्या गळ्यात मारणारी एखादी ओळ कुठे घुसवलीय का ते शोध. दुसरं, नफ्यात वाटा आहे की नुसता ठरलेला महिना. पगारी पार्टनर करून ठेवायची पद्धत आपल्याकडे भरपूर आहे, लेटरहेडवर नाव मोठं, जगासाठी तू पार्टनर, आणि आत वाटा शून्य. मी अशा एका ठिकाणी दोन वर्षं काढलीत, तुला कधी बोललो नाही.

आणि हो, आता तुला फॉर्म 16 मिळणार नाही गं. तो पगार राहिलाच नाही, धंद्याचं उत्पन्न झालं. एप्रिल 2025 पासून फर्मला पार्टनरच्या मानधनावर, व्याजावर वर्षाला 20,000 च्या वर गेलं की 10 टक्के टीडीएस कापावा लागतो, बाकीचा अ‍ॅडव्हान्स टॅक्स तुझा तू भरायचा, पहिला हप्ता 15 जून. लोकांचे भरून देताना आपला विसरणारे सीए मी रग्गड बघितलेत, त्यात एक मी.

तुझं ते पेन्सिलने लिहिलेलं पान अजून माझ्याकडे आहे. वर्किंग पेपर सात वर्षं सांभाळायचे असतात, ती मुदत कधीच उलटली, बाकीचा गठ्ठा रद्दीत गेला पण ते पान मी काढून ठेवलं. बोटं गारठल्यामुळे 3,600 मधला 6 उलटा पडलाय तुझा. पाठवणार नाही, क्लायंटचं आहे ते, आणि तूच मला झापशील. सांगलीला आलीस की दाखवतो.

डीडची कॉपी पाठव. सही करायच्या आधी पाठव, आणि उत्साहात करून बसली असशील तरी पाठव, निदान कुठे अडकलीस ते तरी कळेल.

तुझा,
सर