चक्कर येते म्हणजे नक्की काय होतं? ओपीडीतला माझा अनुभव

मी मिरजेतल्या एका रुग्णालयात समाजसेवा विभागात काम करते. योजनेची कागदपत्रं, रेशनकार्ड, नातेवाइकांची समजूत हे माझं मूळ काम. पण शिकायला आलेले बरेच डॉक्टर परराज्यातले असतात आणि पेशंट येतात तासगाव, जत, कवठेमहांकाळकडून. त्यामुळे ओपीडीतून बोलावणं आलं की मराठीचं हिंदी आणि हिंदीचं मराठी करायला मलाच जावं लागतं.

ताप, खोकला, पोटदुखी यात फारसं अडत नाही. अडतं ते चक्करेला. चक्कर हिंदीतही चक्करच असते. पेशंट म्हणतो चक्कर येते, डॉक्टरांना ते ऐकताक्षणी कळतं, आणि दुभाष्याची गरजच नाही असं सगळ्यांना वाटतं. केसपेपरवर ‘गिडीनेस’ लिहिलं जातं आणि पेशंट चक्करेच्या गोळ्या घेऊन घरी जातो. प्रत्यक्षात त्या एका तक्रारीखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एकात आपण किंवा आजूबाजूचं सगळं गरगर फिरतं. दुसरीत डोकं हलकं होतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, आता शुद्ध हरपणार असं वाटतं. तिसरीत डोक्यात काहीच होत नाही, पण चालताना झोक जातो. पहिलीचा संबंध बहुतेक वेळा आतल्या कानाशी किंवा मेंदूच्या मागच्या भागाशी, दुसरीचा रक्तदाबाशी आणि हृदयाशी, तिसरीचा पायांच्या नसा, सांधे, नजर किंवा मेंदू यांच्याशी.

सुरुवातीला मी पेशंटला हे तीन प्रकार सांगून ‘यातली तुमची कुठली?’ असं विचारायचे. आमच्या एका वरिष्ठ डॉक्टरांनी मला त्यातली अडचण दाखवली. 2007 साली अमेरिकेत, इमर्जन्सी विभागात आलेल्या पेशंटवर झालेला एक अभ्यास त्यांनी सांगितला. चक्करेचा प्रकार निवडायला सांगून काही मिनिटांनी तोच प्रश्न पर्यायांचा क्रम बदलून विचारला, तर निम्म्याहून जास्त लोकांनी वेगळाच प्रकार निवडला. कशाने सुरू होते आणि किती वेळ टिकते याची उत्तरं मात्र त्या मानाने पक्की निघाली. आपल्याकडे तर यात आणखी भर पडते. डॉक्टरांसमोर ‘नाही’ म्हणणं लोकांना बरं वाटत नाही. ‘खोली फिरल्यासारखी वाटते का?’ म्हटलं की ‘व्हय व्हय’, आणि ‘अंधारी येते का?’ म्हटलं तरी ‘व्हय’.

याचा खरा उपयोग मला तासगावकडच्या एका मावशींच्या वेळी झाला. वय पन्नाशीच्या पुढे, द्राक्षबागेत मजुरीला जाणाऱ्या. बरोबर सून होती आणि सगळं तीच सांगत होती: उन्हात काम करतात, नीट जेवत नाहीत, बीपी लो होतं, गावात दोनदा सलाईन लावलं, कुणीतरी मणक्याचं म्हणून मानेला पट्टाही दिला, दिवसभर चक्कर असते. डॉक्टर केरळच्या, तरुण, फार मन लावून ऐकणाऱ्या. त्यांनी अशक्तपणा धरून रक्त तपासायचं ठरवलं होतं.

मी डॉक्टरांना विचारलं, दोन मिनिटं मावशींशीच बोलू का? त्या हो म्हणाल्या. सुनेला म्हटलं, ‘ताई, जरा त्यांनाच सांगू दे.’ आणि मावशींना चक्कर हा शब्दच न वापरता विचारलं, ‘मागल्या खेपेला झालं तेव्हा तुम्ही काय करत होता?’

त्या म्हणाल्या, ‘मांडवाखाली हुते. घड बघाय मान वर केली आन् सगळी बागच फिरली बगा. तारंला धरून हुबी ऱ्हायले.’

‘आणि घरी?’

‘पहाटं. उजव्या कुशीवर वळलं की आढं फिरतंय.’

या दोन वाक्यांत सगळं आलं होतं. रक्तदाब पडून येणारी चक्कर उभं राहिल्यावर येते आणि आडवं झालं की ओसरते. जी आडवं असतानाच, नुसती कूस बदलली की सुरू होते, तिचं कारण उपाशीपोटी काम किंवा ऊन असण्याची शक्यता फार कमी. म्हणून ‘अंथरुणात कूस बदलताना होतं का?’ हा प्रश्न मी आता कधीच सोडत नाही. पण एकटा पुरत नाही, कारण आतल्या कानाची चक्कर अंथरुणातून उठतानाही येते आणि रक्तदाबाचीही. उठताना आणि वळताना, दोन्ही वेगवेगळं विचारावं लागतं.

राहिला वेळेचा प्रश्न. सून म्हणत होती दिवसभर, आणि ते खोटं नव्हतं. झटका गेल्यावर मळमळ, डोकं जड, पाय टाकायची भीती हे तासन्‌तास राहतं आणि घरचे त्या सगळ्याला मिळून चक्करच म्हणतात. मी मावशींना विचारलं, ‘आढं फिरायला लागल्यावर तुम्ही तशाच गप पडून राहिलात आणि मनात एक, दोन, तीन म्हणत गेलात, तर कितीपर्यंत जाल?’ त्या थोडा विचार करून म्हणाल्या, ‘ईस-पंचवीस. मग थांबतंय. पर नंतर वकाय होतंय.’ म्हणजे खरं गरगरणं अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर. डॉक्टरांना मी दोन्ही वेगळं करून सांगितलं: फिरणं एवढंसं, नंतरची मळमळ बराच वेळ.

बोलताना मावशींचा हात हवेत गोल फिरत होता, तेही सांगितलं. हाताकडे मी नेहमी बघते. गरगरणारा माणूस पुष्कळदा बोट गोल फिरवतो, अंधारी येणारा कपाळाला हात लावतो, तोल जाणारा पंजा डावी-उजवीकडे हलवतो. पण हा फक्त धागा आहे, त्यावर निदान ठरत नाही. निदान सांगणं माझं काम नाहीच. ‘यांना कानाची चक्कर आहे’ असं मी म्हटलं तर डॉक्टरांना माझं मत मिळेल आणि मावशींचं म्हणणं हरवेल. म्हणून मी वाक्य जसंच्या तसं हिंदीत ठेवते: मान वर केली की, उजव्या कुशीवर वळलं की, वीस-पंचवीस आकडे, मग थांबतं.

डॉक्टरांनी रक्तदाब झोपवून मोजला, मग उभं करून एका मिनिटाला आणि तिसऱ्या मिनिटाला मोजला. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला तर तो पडतोय असं धरतात. मावशींचा जेमतेम हलला. बोलणं, नजर, हातापायांची ताकद, चालणं ठीक होतं. ऐकायला कमी येतं का, कानात आवाज येतो का, हेही विचारलं. नाही म्हणाल्या.

मग डिक्स-हॉलपाइक तपासणी. यात पेशंटला पलंगावर बसवून डोकं एका बाजूला 45 अंश वळवतात आणि झटकन मागे झोपवतात, डोकं पलंगाच्या कडेबाहेर थोडं खाली लोंबेल असं. कूस बदलताना येणारी चक्कर असली तर यात बहुतेक वेळा गरगरतं, आणि पेशंटला आधी सांगितलं नसेल तर तो घाबरून डोळे गच्च मिटतो. डॉक्टरांना बघायचे असतात तेच नेमके डोळे. म्हणून मी मावशींना आधीच सांगितलं, ‘आता तेच होणार, जे पहाटे होतं. मुद्दाम करतोय. डॉक्टरांनी डोकं धरलंय, पडणार नाही. डोळे मात्र उघडे ठेवायचे, माझ्या नाकाकडे बघायचं.’ मानेला खरंच काही दुखापत आहे का हे डॉक्टरांनी त्याआधी विचारून घेतलं होतं.

उजवीकडे झोपवल्यावर दोन-चार सेकंद काहीच नाही. मग मावशींनी माझं मनगट आवळलं आणि त्यांची बुबुळं भराभर थरथरायला लागली, गोल फिरत, वरच्या दिशेने झटके देत. थोड्या वेळात आपोआप शांत झाली. डावीकडे काहीच नाही. डॉक्टरांनी मला समजावून सांगायला सांगितलं ते असं: आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या पिशवीत चुनखडीसारखे बारीक कण असतात, त्यातले काही सुटून शेजारच्या वाकड्या नळीत गेलेत, आणि डोकं हललं की ते तिथे घरंगळतात. मावशींना हे लगेच पटलं. ‘म्हंजी मणका न्हवं?’ एवढंच त्यांनी विचारलं.

उपायही तिथेच झाला. एपली म्हणतात त्याला. डोकं त्याच स्थितीत ठेवायचं, मग दुसऱ्या बाजूला वळवायचं, मग त्या कुशीवर पूर्ण वळून तोंड जमिनीकडे करायचं आणि शेवटी उठवून बसवायचं. प्रत्येक ठिकाणी अर्धा ते एक मिनिट थांबायचं. माझं काम एकेक हालचाल आधी सांगायचं होतं, कारण मध्येच पेशंट दचकून उठला तर पुन्हा पहिल्यापासून. नंतर परत तपासलं तेव्हा बुबुळं हलली नाहीत. हा त्रास पुन्हा होऊ शकतो, तेव्हा सलाईन न लावता इकडेच या, हे मी सुनेला दोनदा सांगितलं.

सगळ्यांचं इतकं सरळ निघत नाही. जतकडचे एक आजोबा आले, तक्रार तीच, चक्कर. काय करताना होतं म्हटल्यावर म्हणाले, मोरीत तोंड धुताना. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की पडल्यागत होतं, आणि रात्री अंधारात शेताकडं जाताना. बसल्यावर? काही नाही. आडवं झाल्यावर? काही नाही. जमीन कापसावर चालल्यासारखी लागते म्हणाले. मधुमेह बरीच वर्षं होता. डॉक्टरांनी पाय जवळ करून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले, तर ते डुलायला लागले. पायाला कंपनाचा काटा लावला, तो त्यांना जाणवेना. पायातून येणारी खबर मेंदूला पोचत नव्हती, त्यामुळे डोळे उघडे असेपर्यंतच तोल टिकायचा. त्यांची मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षं चालू होती. तिने ब-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, म्हणून तेही तपासायला सांगितलं. या आजोबांना चक्करेच्या गोळीने गुंगी आली असती आणि ते जास्तच पडले असते.

एका ठिकाणी मात्र मी हे प्रश्न विचारत बसत नाही. चक्कर अचानक सुरू होऊन थांबतच नसेल, आणि बरोबर एकाचे दोन दिसत असतील, जीभ जड झाली असेल, तोंड वाकडं किंवा एक बाजू लुळी असेल, किंवा आधाराशिवाय बसता-उभं राहता येत नसेल, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. बोलणं नीट असलं तरी न थांबणारं गरगरणं आणि चालताच न येणं, एवढ्यावरसुद्धा मी पेशंटला थेट इमर्जन्सीत पाठवते. तिथे मी एकच प्रश्न विचारते आणि त्याचं उत्तर घड्याळातल्या वेळेत लिहून देते: शेवटचं ठीक कधी होते? ‘सकाळपासून’ हे उत्तर चालत नाही. दूध घालून आले तेव्हा ठीक होते का, चहा घेताना ठीक होते का, असं विचारत विचारत ती वेळ काढावी लागते, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं की नाही हे बरंचसं तिच्यावर ठरतं.