आमची वाटचाल: चार वेग, एकच मुदत

इंदूरला राजवाड्याजवळच्या दोन खोल्यांत आमचे डेटा एंट्रीचे काम सुरू झाले, तेव्हा मोठे काम आले की अर्जांचे गठ्ठे मोजून टाइप करणाऱ्या चौघींना सारखे वाटायचे, एवढीच आमची पद्धत होती. त्यामुळे एका ग्राहकाचे काम उशिरा गेले, कारण सर्वांत जलद टाइप करणारी मुलगी हात रिकामे करून बसली होती आणि चौघींतल्या सर्वांत सावकाश टाइप करणाऱ्या काकू एकट्या रात्रीपर्यंत अर्ज भरत होत्या. दोष काकूंचा नव्हता, वाटणीचा होता.

पुढे एका पतसंस्थेचे ८,६४० हिंदी सदस्यत्व-अर्ज आले, तेव्हा मी आधी वेग मोजला. टायपिंग परीक्षेतली शब्दगती मी मुद्दाम धरली नाही, कारण छापील मजकूर भराभर टाइप करणारी व्यक्तीही दुसऱ्याचे हस्ताक्षर लावताना आणि खातेक्रमांक भरताना अडखळते. प्रत्यक्ष अर्जांचाच नमुना प्रत्येकीला दिला आणि तपासणीत निघालेल्या चुका दुरुस्त करण्याचा वेळही हिशेबात घेतला. त्या जलद मुलीने अडीच तासांत ११० अर्ज भरले, म्हणजे तासाला ४४. पण दुरुस्तीला आणखी १५ मिनिटे लागली आणि खरा वेग ४० ठरला. मधल्या दोघींचा ३०-३० आणि काकूंचा २० निघाला.

चौघींचे मिळून तासाला १२० अर्ज, म्हणजे सगळे काम ७२ तासांचे. दिवसाला सहा तास प्रत्यक्ष टायपिंग धरले तर १२ दिवसांचे. प्रत्येकीच्या वेगाला ७२ ने गुणले की तिचा वाटा मिळतो: २,८८०, २,१६०, २,१६० आणि १,४४०. सारखी वाटणी केली असती, तर पहिलीचे काम नऊ दिवसांत संपले असते आणि काकूंना अठरा दिवस लागले असते. कमी गठ्ठे पाहून काकूंना वाईट वाटले. तास सर्वांचे सारखेच आहेत, हे कागदावर मांडून दाखवल्यावर त्यांचे समाधान झाले.

तरीही मोजलेला वेग शेवटपर्यंत तसाच टिकेल, असे मी धरले नाही. एकूण अर्जांपैकी १,४४० कपाटात राखून ठेवले आणि उरलेले याच प्रमाणात वाटले. ते दहा दिवसांत संपायला हवे होते. गठ्ठे देताना अर्ज मिसळायला मात्र मी विसरलो, ही माझीच चूक. एकीच्या वाट्याला पुसट कार्बन प्रतींचे बरेच अर्ज आले आणि दहाव्या दिवशी संध्याकाळी तिचे १२० अर्ज मागे राहिले. कपाटातले अर्ज मी आधी साठ-साठच्या आणि अगदी शेवटी वीस-वीसच्या गठ्ठ्यांत, जिचे हातातले संपेल तिला, देत गेलो. शेवटचे गठ्ठे लहान ठेवावेच लागतात, कारण साठांचा गठ्ठा काकूंच्या हाती उशिरा पडला, तर बाकीच्या तिघींना त्यांच्यासाठी तीन तासांपर्यंत थांबावे लागते. वीसांचा असेल तर फार तर तासभर. मागे पडलेल्या मुलीने आपले १२० पूर्ण केले आणि कपाटातले कमी घेतले, बाकीच्यांनी तेवढे जास्त घेतले. बाराव्या दिवशी ठरल्या वेळेपेक्षा साधारण तासभर उशीर झाला, पण तो तास चौघींनीही टाइपच केले.